क्रेनवर आधीच कुणीतरी आहे

काका आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात बुटांचा खोका होता आणि खोक्यात त्यांचा पहिला खेळ. नोकरी बस डेपोत. तीस वर्षं एकच काम केलं: ड्यूट्या लावायच्या. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, कोण पहाटेच्या फेरीला, कोण राखीव बाकावर. निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना म्हणून घरी पुठ्ठ्याचे पट कापायला लागले. त्यांचे दोन खेळ आम्ही छापले आणि दोन्ही बऱ्यापैकी खपले. आमची कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालकीणबाई, एक चित्रकार आणि मी. खेळाचे नियम लिहिणं आणि छापण्याआधी खेळ खेळून त्यातली खोट काढणं हे माझं काम.

तिसऱ्या खेळाचं नाव होतं ‘गोदी’. पटावर आठ जागा: क्रेन, गोदाम, करवत गिरणी, बाजार, दुरुस्तीखाना, जकात कचेरी, रंगशाळा आणि तारघर. प्रत्येक खेळाडूकडे तीन सोंगट्या, म्हणजे तीन मजूर, आणि सुरुवातीला थोडा कोळसा. पाळी आली की एक मजूर एका जागेवर ठेवायचा आणि त्या जागेचं काम करून घ्यायचं. जागेवर कुणी असेल तर ती अडली, दुसऱ्याला तिथे जाता येणार नाही. कुठेच काम नसेल तर मजूर कट्ट्यावर बसवायचा आणि कोळशाचा एक तुकडा घ्यायचा. कट्ट्यावर कितीही जण बसू शकत. अशा सहा फेऱ्या.

करार झाला आणि तीन महिन्यांनी काकांच्या आजाराचं निदान झालं. विसरण्याचा आजार. डॉक्टरांनी सांगितलं, वेग जास्त आहे.

हे आम्हाला काकूंनी सांगितलं. काकू घरी शिवणकाम करायच्या, बहुतेक दुरुस्तीचं. कुणाचा कोट सैल कर, कुणाची पँट आखूड कर. बोलणं कमी, नजर धारदार. त्या म्हणाल्या, “शनिवारी मी त्यांना घेऊन येत जाईन. खेळाच्या टेबलाशी बसले की बरे असतात.”

दर शनिवारी दुपारी मागच्या खोलीत आमची चाचणी चालायची. नेहमीचे तिघं: आमचा चित्रकार, एक नळवाला, जो आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांत डोकं घालून आल्यामुळे इथे कुणालाही हरवायला मोकळा आहे असं मानायचा, आणि एक औषधाच्या दुकानात काम करणारी बाई. चौथा मी. काका आले की मी उठायचो आणि वही घेऊन बाजूला बसायचो.

पहिल्या तीन शनिवारी ‘गोदी’ने आमच्या नाकी नऊ आणले. दोष साधा होता, आणि बेरीज-वजाबाकीत बसणारा होता. चार खेळाडू, प्रत्येकी तीन, म्हणजे बारा मजूर. जागा आठ. फेरीत किमान चार मजूर कट्ट्यावर जाणारच, खेळभरात चोवीस. कोळसा लागायचा क्रेन चालवायला, आणि कट्ट्यावर बसायची वेळ यायची ती क्रेन अडलेली म्हणूनच. मग कोळसा घेऊन करायचं काय? औषधवाली एकदा म्हणाली, “माझी पाळी आली की मी घड्याळ बघते.”

खेळात जागा अडणं वाईट नसतं. अडली नाही तर समोरच्या माणसाकडे कशाला बघायचं? पण अडल्यावर हाताशी दुसरं काहीतरी हवं, पहिल्याइतकं गोड नसलं तरी विचार करायला लावणारं. आमच्याकडे ते नव्हतं.

चौथ्या शनिवारी काकांनी क्रेनसाठी हात पुढे केला. तिथे नळवाल्याचा मजूर होता. काकांचा हात तसाच हवेत राहिला. आम्ही थांबलो. खालच्या दुकानात कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. काकांनी आपली सोंगटी नळवाल्याच्या सोंगटीवर ठेवली. ती घरंगळली. त्यांनी ती पुन्हा ठेवली.

नळवाला हळूच म्हणाला, “काका, क्रेनवर आधीच कुणीतरी आहे.”

“मग मी कुठे जाऊ?”

“गिरणी मोकळी आहे. तारघर आहे.”

काकांनी पटाकडे पाहिलं, पण आठ जागांतून एक निवडणं आता त्यांच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं. एक डोक्यात ठरलेली असायची. ती गेली की दुसरी सुचत नसे. त्यांनी सोंगटी मुठीत घट्ट धरली आणि म्हणाले, “मला ड्यूटी नाही का?”

काकू उठल्या, त्यांच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “चला, आज लवकर निघू.”

सोमवारी काकू एकट्या आल्या. शेजारणीला तासभर बसवून आल्या होत्या. मालकीणबाईंनी चहा मागवला आणि अवघडून विषय काढला: करारातली तारीख जवळ येतेय, काकांकडून आता काम होणार नाही, तर खेळ सोडून द्यावा का?

“मी करते,” काकू म्हणाल्या.

मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणालो, “काकू, तुम्ही कधी खेळलाही नाहीत.”

“खेळले नाही, पण बघितलं आहे. त्यांनी घातलेले टाके मलाच उसवता येतील. तुम्ही उसवाल तर फाडाल.”

पुढच्या शनिवारपासून त्या काकांच्या शेजारी बसायला लागल्या, मांडीवर शिलाईच्या मापांची जुनी वही घेऊन. प्रत्येक पाळीनंतर खेळणाऱ्याला विचारायच्या: कुठे जायचं होतं? कुठे गेलात? जिथे गेलात तिथे जायला काही कारण होतं, की नुसता हात मोकळा केला? नुसता हात मोकळा केला असेल तर वहीत एक आडवी रेघ. पहिल्याच दिवशी एका खेळात एकवीस रेघा झाल्या. बहात्तर पाळ्यांपैकी एकवीस.

नळवाला म्हणाला, “काकू, एवढं पाणी गळालं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं.”

त्यांचा पहिला उपाय सरळ होता. प्रत्येक जागेवर दोन मजूर बसू द्यायचे. आठ जागा, सोळा बैठका, बारा मजूर. कुणी अडणारच नाही.

तो शनिवार मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी काका शेवटपर्यंत खेळले. क्रेन म्हटलं की क्रेन मिळायची. त्यांनी गाणं गुणगुणलं. एकदा नळवाल्याला चिडवलंसुद्धा, “काय, आज पाइप फुटला का?” काकू वहीवरून मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिल्या, रेघ मारायचं विसरून.

खेळ संपल्यावर औषधवालीने खरं ते सांगितलं. “रेघा नाहीत हे बरोबर, काकू. पण मी पूर्ण वेळ माझ्याच ताटात बघत होते. तुम्ही तिघं उठून गेला असतात तरी मला कळलं नसतं.”

“त्रास तर झाला नाही ना कुणाला,” काकू म्हणाल्या.

“त्रास नाही झाला. काहीच नाही झालं.”

बाकीचे गेल्यावर मी काकूंना थांबवलं. काका जिन्याशी उभे होते, कोटाचं बटण लावत. मी म्हणालो की दोन-दोन बैठकांचा खेळ छापता येणार नाही. जागा मिळवण्याची ओढाताण गेली की खेळात राहतं काय? काकू म्हणाल्या, “ते पहिल्यांदा पूर्ण खेळले.” मी म्हणालो, “काकू, हा खेळ आहे, काकांचं औषध नाही.”

ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. काकूंनी वही पिशवीत टाकली, काकांचं चुकलेलं बटण काढून नीट लावलं आणि दोघं जिना उतरून गेले.

दोन शनिवार त्या आल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी आल्या. काका बरोबर होते, जरा वाळलेले. काकू खुर्चीत बसल्या आणि कुणी विचारायच्या आत बोलायला लागल्या.

“कपडा शिवताना शिलाईच्या आत कापड दाबून ठेवतात. बाहेरून दिसत नाही. माणूस जाड झाला की तेवढं सोडायचं. उगाच मोठा झगा शिवला तर अंगावर लोंबतो. तुमचं म्हणणं बरोबर होतं, मी झगा शिवला होता.” मग त्यांनी नियम सांगितला. जागेवर एकच मजूर. पण अडलेल्या जागेवरही जाता येईल. तिथे बसलेल्याला कोळशाचे दोन तुकडे द्यायचे आणि त्याचा मजूर त्याच्या हातात परत द्यायचा. तो मजूर त्याला त्याच फेरीत पुन्हा वापरता येईल.

नळवाला भुवया उंचावून म्हणाला, “म्हणजे मी क्रेनवर बसायचं, काम उरकायचं, आणि मला हटवणारा वर मलाच कोळसा देणार? मला तर कुणीतरी हटवावंच असं वाटेल.”

“वाटू दे. समोरच्याला ते द्यावंसं वाटतंय का, हा प्रश्न आहे.”

त्या दिवशी दोन तुकड्यांवर खेळलो. रेघा सोळा. कारण लगेच कळलं: हटवायला दोन कोळसे कुणाकडे नव्हते. मागे पडलेला अजून मागे पडत होता. अडचण जागेवरून उठून कोळशावर जाऊन बसली होती, एवढंच. काकूंनी किंमत एकावर आणली. आता दुसरंच लचांड. नळवाला आणि औषधवाली एका क्रेनवर एकमेकांना पाच-पाच वेळा हटवत बसले आणि एक फेरी अर्धा तास चालली. काकूंनी तिथल्या तिथे ठरवलं: एका जागेवर फेरीत एकदाच हटवता येईल. हटवून आलेला मजूर आडवा ठेवायचा, म्हणजे ती जागा आता पक्की बंद.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. अडलेल्या जागेसमोर माणूस थांबायचा, पण घड्याळ बघत नाही, समोरच्याकडे बघत. हटवू का? हटवलं तर मला क्रेन मिळेल, पण त्याला कोळसा आणि एक जादा पाळी मिळेल. थांबलो तर तिसराच कुणी हटवून जागा आडवी करून टाकेल. की कट्ट्यावर बसून कोळसा घेऊ आणि पुढच्या फेरीत हटवू? हिशेब केला तर कट्ट्यावर बसणाऱ्यांची संख्या होती तेवढीच होती. बारा मजूर आणि आठ जागा, चार कुठे जाणार? पण आता कट्ट्यावरचा कोळसा म्हणजे उद्याचं दार उघडायची किल्ली होती. त्या संध्याकाळी रेघा चार झाल्या.

औषधवालीने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “हा खेळ मी विकत घेईन.”

काका मात्र त्या दिवशी खेळले नव्हते. त्यांना खिडकीशी बसवलं होतं. पुढच्या शनिवारी काकूंनीच त्यांना टेबलाशी आणलं. मी नको म्हणणार होतो, धीर झाला नाही.

पहिला मजूर काकांनी क्रेनवर ठेवला. कोळसा जाळून एक लाकडी पेटी उतरवली. सगळं बरोबर. नळवाल्याची पाळी आली तेव्हा तो घुटमळला. त्याने काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “नियमाप्रमाणे खेळा. माझ्यासाठी सोडू नका.”

नळवाल्याने काकांचा मजूर उचलला, कोळशाचा तुकडा त्याच्याबरोबर ठेवला आणि दोन्ही काकांच्या तळहातावर दिले. म्हणाला, “तुम्हाला हटवलं, काका. हा घ्या कोळसा. तुमचा फायदाच आहे.”

काका तळहाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मला का काढलं?”

“काढलं नाही, तुम्हाला अजून एक पाळी मिळाली.”

“मी वेळेवर आलो होतो.” त्यांचा आवाज चढला नाही, बारीक झाला. “साहेब, मी वेळेवर आलो होतो. विचारा कुणालाही. मला का काढलं?”

काकूंनी समजावलं. मी समजावलं. काका उठून उभे राहिले, कोळशाचा तुकडा पटावर परत ठेवला, व्यवस्थित, लाचेला हात न लावणारा माणूस ठेवतो तसा, आणि जिन्याकडे चालायला लागले. औषधवाली तोंड फिरवून बसली. काकू त्यांच्यामागे गेल्या.

अर्ध्या तासाने मी खाली गेलो. टायरवाल्याने दोघांना स्टूल दिलं होतं. काका शांत होते, समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसचे नंबर वाचत होते. मी काकूंना म्हणालो, “आपण नियम मवाळ करू. हटवण्याऐवजी शेजारी बसू द्यायचं, काहीतरी तोडगा काढू.”

“रेघा किती आल्या होत्या?”

“चार.”

“मग हाच ठेवा.”

“पण काका...”

“त्यांना हा खेळ आता येणार नाही. कुठलाच चांगला खेळ येणार नाही. तुम्ही त्या दिवशी बोललात ते मला झोंबलं, पण चुकीचं नव्हतं.” मग म्हणाल्या, “मी घरी त्यांच्याबरोबर दोन-दोन बैठकांचाच खेळते. जिंकतात रोज.”

त्यानंतर काका टेबलाशी आले नाहीत. घरचा खेळही फार दिवस चालला नाही. आधी मोजणं गेलं, मग सोंगट्या तोंडात घालायला लागले, मग काकूंनी पट उचलून कपाटावर टाकला. वर्ष संपता संपता काका घराबाहेर पडून दोनदा हरवले. दोन्ही वेळा डेपोत सापडले, राखीव बाकावर बसलेले. लेक परगावाहून आली आणि आईला म्हणाली, “आता पुरे. तू पडशील.” काकांना शुश्रूषागृहात ठेवलं. काकू रोज दुपारी जायच्या. ते त्यांना कधी ‘बाई’ म्हणायचे, कधी काहीच नाही.

‘गोदी’ छापायला गेली तेव्हा मी खोक्यावरच्या नावाबद्दल विचारलं. काकांचं एकट्याचं नाव राहील असं मी धरून चाललो होतो.

“माझंही घाला,” काकू म्हणाल्या. “हौस म्हणून नाही. हटवण्याचा नियम माझा आहे. उद्या कुणी विचारलं की असा नियम कुणी केला, तर त्यांच्याकडे बोट जायला नको.”

खेळ चालला. पत्रं आली, त्यात जवळजवळ प्रत्येकाने त्याच नियमाचं कौतुक केलं होतं. मी ती काकूंना वाचून दाखवायचो. त्या सुईत दोरा ओवत ऐकायच्या आणि “बरं” म्हणायच्या.

काका थंडीत गेले. न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत आटोपलं. मी आणि नळवाला त्यांच्या घरी गेलो तेव्हा तिथे डेपोतले एक म्हातारे ड्रायव्हर बसले होते. काकांच्या आठवणी सांगत होते. “साहेबांचा कायदा कडक होता. बदली आल्याशिवाय कुणी गाडीवरून उतरायचं नाही. आणि बदलीवाला आला की पहिल्याला चहा प्यायला सोडायचे. म्हणायचे, तुझी बदली आली, तू सुटलास, जा. आम्ही दिवसभर ‘बदली आली’ या दोन शब्दांची वाट बघायचो.”

काकू खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावरचं रक्त उतरल्यासारखं झालं. मला त्यांच्या मनातलं कळलं, कारण त्याच क्षणी मलाही ‘तुम्हाला हटवलं, काका’ हे वाक्य आठवलं होतं. नळवाला पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होता.

म्हातारे गेल्यावर त्या म्हणाल्या, “तीस वर्षं तो शब्द माझ्या घरात होता. रोज जेवताना ऐकला.”

“काकू, शब्द बदलला असता तरी त्यांना समजलं असतं असं नाही.”

“नसतंही समजलं,” त्या म्हणाल्या. “आता कधी कळायचं?”

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी नियमांच्या पुस्तिकेत एवढीच एक दुरुस्ती सांगितली. जिथे जिथे ‘हटवा’ आहे तिथे ‘बदली द्या’. सतरा जागी शब्द होता. मी सतराही जागी बदलला. नियम तोच राहिला, रेघाही तेवढ्याच.

काकू अजून शनिवारी येतात. आता दुसऱ्यांचे खेळ तपासतात, आणि त्यासाठी नवी वही केली आहे. खेळताना दयामाया नाही. परवा नळवाल्याची जागा शेवटच्या फेरीत अशी अडवली की तो हात टेकून म्हणाला, “काकू, मी आता जाऊ कुठे?”

“पाच जागा मोकळ्या आहेत,” काकू म्हणाल्या. “नीट बघा.”